मखमलाबादची लिंक: पाऊस आला की नेट स्लो, कामाच्या नोंदी

११ जून
मखमलाबादच्या गिऱ्हाईक काकांचा फोन परत, तक्रार तीच. "भाऊ, पाऊस आला की तुमचं नेट पाण्यात जातं, सूनबाईची मीटिंग चालू असते आणि समोरचा माणूस फोटोसारखा थिजतो." ही लिंक जानेवारीत लावलेली. नाशिकला गंगापूर रोडला आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर बऱ्याच गिऱ्हाईकांना मिळून एक सेक्टर अँटेना, तिथून गोदावरी ओलांडून काकांच्या बंगल्यावर छोटी डिश आणि तिचा रेडिओ. अंतर २.६ किमी, बँड ५.८ गिगाहर्ट्झ, प्लॅन ५० एमबीपीएसचा. मे संपेपर्यंत एकही तक्रार नव्हती.

ऑफिसात सगळ्यांचं एकच उत्तर, पाऊस आहे वायरलेस आहे, होणारच. मला ते पटत नाही म्हणून ह्या एका लिंकची वही वेगळी ठेवतोय. पाऊस खरंच सिग्नल खात असेल तर त्याच सेक्टरवरच्या सगळ्या गिऱ्हाईकांचा खायला पाहिजे ना, एकट्या काकांचाच का?

१२ जून
सकाळी कोरडं होतं म्हणून आधी काकांच्या गच्चीवर जाऊन आलो. पहिला संशय केबलवर, पावसाळ्यात निम्म्या तक्रारी तिथेच निघतात. आणि निघालंच. रेडिओखाली केबलला वळसा दिलेला नव्हता, केबल वरून थेट पोर्टमध्ये, म्हणजे पाणी केबलवरून ओघळत सरळ आत. रबरी ग्लँड जागेवर नाही, आरजे४५च्या पिनांवर हिरवट गंज. प्लग कापून नवीन मारला, ग्लँड बसवला, खाली यू सारखा वळसा सोडला म्हणजे पाणी त्या खालच्या टोकावरून टपकेल. टेप लावली, पण वरून खाली नाही तर खालून वर, कौलं चढवतात तशी, नाहीतर टेपच्या घडीत पाणी साचतं.

पण मनात म्हटलं हे अख्खं उत्तर नाही. कनेक्टरात पाणी गेलं की रेडिओच्या पेजवर हवेतला सिग्नल ठीकच दिसतो, पडतो तो LAN Speed, १००० चा १०० होतो कधी १० होतो, एरर वाढतात, नाहीतर रेडिओच रीस्टार्ट होत राहतो. शिवाय पाऊस थांबल्यावरही ते तासन् तास तसंच राहतं, ऊन पडेपर्यंत. काकांचं तसं नाही, त्यांचं रात्री जेवणापर्यंत आपोआप सुरळीत होतं.

रेडिओवर आत्ताचा सिग्नल -६६, कोरड्यात. जानेवारीच्या इन्स्टॉलेशन शीटवर लिहिलंय -५९. (नव्या पोरांसाठी: आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला.) मग हे ७ डीबी पाऊस यायच्या आधीच गेले कुठे?

१३ जून
कागदावर हिशोब केला. सेक्टरमधून निघणारी ताकद ३६ डीबीएम धरली, २.६ किमी मोकळ्या हवेतला तोटा ११६ डीबी, काकांच्या डिशचा गेन २३. ३६ वजा ११६ अधिक २३ म्हणजे -५७ यायला पाहिजे. जानेवारीचा -५९ म्हणजे बरोबरच होता, आत्ताचा -६६ बरोबर नाही.

आणि गंमत अशी की हे ७ डीबी कोणाला कळलेच नाहीत. -५९ ला रेडिओ २५६ क्वॅमवर चालतो, हवेतला रेट ३२४ एमबीपीएस. -६६ ला तो ६४ क्वॅमवर उतरतो, रेट २१६. प्लॅन ५० चा असल्यामुळे दोन्हीकडे स्पीडटेस्ट ५० च दाखवते, काका खूश, आम्ही खूश. मार्जिन मात्र मधल्यामधे खाऊन टाकलेलं. आता थोडा जरी धक्का बसला तरी खाली जायला जागा नाही.

रेडिओचं रीडिंग दर १५ मिनिटांनी फाईलमध्ये पडेल अशी सोय केली. आता पावसाची वाट बघायची.

१७ जून
मिळाला पाऊस. संध्याकाळी साडेपाचनंतर भरून आलं, सव्वासहा वाजता जोरात, सहा वीसला थांबला. फाईलमधला तुकडा असा (सिग्नल डीबीएममध्ये, रेट एमबीपीएसमध्ये):

```
time    signal  rate
17:30   -66     216
17:45   -68     216
18:00   -74     108
18:15   -77      81
18:45   -76      81
19:30   -71     162
20:30   -67     216
```

ह्यात सगळ्यात महत्त्वाची ओळ ६:४५ ची आहे. पाऊस थांबून पंचवीस मिनिटं झाली तरी सिग्नल -७६. पावसाचे थेंब हवेत असताना सिग्नल खात असते तर पाऊस थांबला की पाच मिनिटांत वर यायला पाहिजे होता. हा दोन तास घेत हळूहळू वर आला. म्हणजे काहीतरी ओलं झालंय आणि ते सावकाश वाळतंय.

दुसरी गोष्ट, त्याच सेक्टरवरचे बाकीचे क्लायंट काढून बघितले. एक तर ३.५ किमीवर आहे, काकांपेक्षा लांब, आणि तिकडेही तोच पाऊस होता. त्याचा सिग्नल जेमतेम १ डीबी हलला.

१८ जून
पावसाचा नेमका जोर किती होता ते पण मिळालं. काकांच्या शेजारी द्राक्षबाग आहे, डाऊनी रोग कधी येईल त्याच्या अंदाजासाठी त्या बागायतदाराने वेदर स्टेशन बसवलंय, मोबाईलवर दर १५ मिनिटांचा पाऊस दिसतो. सहा ते सव्वासहामध्ये ११ मिमी. तासाला ४४ मिमीचा वेग, म्हणजे चांगलाच दणका.

आता ह्या वेगाला ५.८ गिगाहर्ट्झवर पाऊस किती खातो? साधारण पाव डीबी दर किमी. २.६ किमीला पाऊण डीबीसुद्धा होत नाही. डिशच्या तोंडावर पाण्याचा पापुद्रा बसतो त्याचा आणखी एखादा डीबी धरा. पडलेत ११. बाकीचे नऊ-दहा पावसाच्या नावावर टाकता येत नाहीत.

ऑफिसात हे सांगितलं तर एकजण म्हणाला मग मोबाईलवर वाचतो ते पावसाने लिंक मरते ते सगळं खोटं का? खोटं नाही, ते वरच्या फ्रिक्वेन्सीचं आहे. ६० गिगाहर्ट्झवर हाच पाऊस किमीला १५ डीबीच्या आसपास खातो, २.६ किमीला ४० डीबी, तिथे लिंक खरंच जाते. थेंबाचा आकार आणि लहरीची लांबी जवळ आली की मार बसतो. ६० ला लहर ५ मिमीची, ५.८ ला ५ सेंमीपेक्षा जास्त, तिला पावसाच्या थेंबाचं फारसं काही वाटत नाही. म्हणून ६० ची जोडी आपण जवळच्या दोन बिल्डिंगमध्येच लावतो आणि नदीपलीकडे ५.८ च.

२० जून
काकांच्या गच्चीवर परत, ह्यावेळी दुर्बीण घेऊन. जानेवारीचे फोटो फोनमध्ये होते ते समोर धरले. फोटोत घरापासून अंदाजे २५० मीटरवर एक शिरीष आहे, तेव्हा पूर्ण निष्पर्ण, नुसत्या वाळक्या शेंगा लटकलेल्या, आणि फांद्यांमधून आपल्या बिल्डिंगची गच्ची स्वच्छ दिसतेय. शीटवर लिहिलंय "लाईन ऑफ साइट क्लीयर". त्या दिवशी होतीच. शिरीष हिवाळ्यात पान गाळतो आणि उन्हाळ्यात परत भरतो, आज तिथे हिरवी भिंत आहे.

पानांमधून जाताना किती जातं ह्याचं एक जुनं ढोबळ सूत्र आहे, वाइसबर्गरचं. ५.८ ला पानांच्या दर मीटरला पाऊण डीबी येतं. दहा मीटर पसरलेल्या झाडाच्या शेंड्यातून लाईन जात असेल तर ७-८ डीबी, आपला हरवलेला हिशोब इथे जुळला. हे कोरड्या पानांचं. पान भिजलं की त्यावर पाण्याचा थर, आणि पाणी ह्या फ्रिक्वेन्सीला चांगलंच शोषतं. थेंब हवेत असताना दोघांच्यात भरपूर मोकळी जागा असते, तेच पाणी हजारो पानांवर थापून एका जागी लाईनच्या आडवं उभं केलं की मग काय. वर वाऱ्याने पानं हलतात म्हणून आकडा एका जागी थांबत नाही. मी उभा असताना नुसत्या वाऱ्यात -६४ ते -६९ असा नाचत होता, मोकळ्या लिंकचा आकडा वाऱ्याने असा नाचत नाही.

काका म्हणाले मग झाडच छाटू की. झाड रस्त्याकडेचं आहे, कोणाच्या मालकीचं नाही, महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागेल. आणि तपोवनातल्या झाडतोडीवरून शहरात जो वाद झाला त्यानंतर नेटसाठी शिरीष छाटायचा अर्ज घेऊन जायला माझं तरी धाडस नाही. शिवाय छाटलेलं पुढच्या पावसाळ्यात परत येतं. विषय बंद.

२३ जून
पर्याय मोजले.

टॉवरची, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या सेक्टरची, पॉवर वाढवणं बाद, ३६ च्या मर्यादेवर आधीच आहोत. मोठी डिश, ३० डीबीआयची, ७ डीबी देईल, म्हणजे कोरड्यात सगळं परत जागेवर, पण पावसात १० जाणारच आणि झाड दरवर्षी वाढणार. नुसतं दुखणं दाबल्यासारखं होईल.

गच्चीचा पूर्वेचा कोपरा: तिथून लाईन झाडाच्या बाजूने जाते, रेडिओ हातात धरून बघितला तर -६० आला. मन मोहात पडलं. पण त्याच दिशेला शेजारच्या प्लॉटवर कॉलमच्या सळ्या वर आलेल्या दिसतात आणि सेंट्रिंगवाला म्हणाला अजून दोन स्लॅब आहेत. पान वाळतं तरी, स्लॅब वाळून काही फायदा नाही. तो कोपरा सोडला.

राहिली उंची. आणि इथे एक हिशोब नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्यातलेच लोक म्हणतात टॉवरकडची अँटेना चढवा. झाड काकांच्या घराजवळ आहे. काकांकडे रेडिओ १ मीटर चढवला तर झाडापाशी लाईन ९० सेंमी वर जाते. टॉवरकडे १ मीटर चढवला तर झाडापाशी १० सेंमीसुद्धा नाही. अडथळा ज्या टोकाजवळ त्या टोकाला पाईप वाढवायचा.

२५ जून
किती वाढवायचा त्यासाठी आज प्रत्यक्ष चाचणी. स्लॅब जमिनीपासून साडेसात मीटर, सध्याचा पाईप २ मीटर, म्हणजे रेडिओ साडेनऊवर. टॉवरची अँटेना ३० मीटर धरली. ह्या लाईनची झाडापाशी उंची येते साधारण साडेअकरा, झाडाचा शेंडा अंदाजे १२. अर्धा मीटर आत शिरतोय.

रंगाऱ्याचा लांबणारा दांडा आणला, त्याला आधी फोन बांधून व्हिडिओ घेतला. ३ मीटरवरच टॉवर झाडावरून दिसायला लागला. काका खालून, "दिसतोय ना? मग बस की, उगाच कशाला अजून खांब वाढवताय." हाच तो सापळा. डोळ्याला दिसायला एक रेघ मोकळी असली तरी पुरतं, रेडिओला रेघेभोवती फुगीर नळीसारखी जागा मोकळी लागते, फ्रेनेल झोन. झाडाच्या जागेवर ह्या नळीची त्रिज्या निघते ३.४ मीटर (लिंकच्या मध्यावर ती ५.८ होते, टोकांकडे बारीक). त्यातली किमान ६० टक्के, म्हणजे शेंड्यावर २ मीटर तरी रिकामी पाहिजे. शेंड्याला नुसतं घासून जाणारी रेघ डोळ्याला ओके असते आणि ६ डीबी गिळलेली असते.

मग फोन काढून दांड्याला रेडिओच बांधला, प्रत्येक उंचीवर थोडा वेळ थांबून बघितलं. ३ मीटरला -६२, ४ ला -६०, ५ ला -५८, ६ ला पण -५८. म्हणजे ५ नंतर फायदा संपला, कागदावरच्या हिशोबाने पण ५ च येत होतं. काकांना आकडे दाखवले तेव्हा ते गप्प बसले, मग म्हणाले "बरं, पण पडायला नको तो माझ्या सोलरवर".

लावायचा ६ चा. एक तर जीआय पाईप येतोच ६ मीटरचा, कापायची गरज नाही, आणि तो वरचा १ मीटर झाडाला वाढायला ठेवलाय.

२८ जून
दोन इंची बी क्लास पाईप, स्लॅबवर बेसप्लेट, कठड्याला दोन ठिकाणी क्लॅम्प. साडेचार मीटरवर कॉलर टाकून तीन बाजूंना ताणाच्या तारा, टर्नबकल लावून. तारा कपडे वाळत घालायच्या दोरीच्या आड येतात म्हणून काकूंनी एक अँकर सरकवायला लावला, सरकवला. तारांना समान ताण द्यायचा, एकच खेचली तर पाईप वाकतो आणि डिश टॉवर सोडून आभाळाकडे बघते. पाईप गोल फिरू नये ह्याकडे जास्त लक्ष दिलं, पाईप पुढेमागे थोडा डुलला तर लिंक सहन करते, फिरला तर नाही.

गच्चीत सगळ्यात उंच वस्तू आता हीच, त्यामुळे अर्थिंगला काटकसर नाही. पाईपपासून जीआय पट्टी खाली वेगळ्या अर्थ पिटला, केबल शिल्डेड, खाली सर्ज प्रोटेक्टर. वीज थेट पडली तर रेडिओ वाचेल असं मी कोणाला सांगत नाही, आजूबाजूला पडली तर घरातला राऊटर आणि लॅपटॉप वाचावा एवढ्यासाठी हे आहे.

डिश हळूहळू फिरवत बसवली, आधी आडवी मग उभी. उंची बदलल्यावर खाली-वरचा कोन परत लावावा लागतो हे बरेचजण विसरतात. शेवटी -५८, रेट ३२४. वाऱ्यात पण आकडा स्थिर.

६ जुलै
बारीक पाऊस दिवसभर, झाड ओलं गच्च. सिग्नल -५८, कधी -५९.

अजून एक फरक दिसला जो मी शोधत नव्हतो. सेक्टरवरच्या बाकीच्या लोकांचा संध्याकाळचा पिंग पावसात पण खाली राहिलाय. कारण उघड आहे, सेक्टरचा वेळ सगळ्यांत वाटलेला असतो. काका ३२४ ऐवजी ८१ वर आले की तेवढाच डेटा न्यायला चौपट वेळ घ्यायचे, त्यात सूनबाईंचा व्हिडिओ कॉल आणि नातवाचं कार्टून, आणि तो वेळ बाकीच्यांच्या खिशातून जायचा. त्या लोकांच्या पण "पावसात स्लो" तक्रारी होत्या आणि त्यांच्या छपरावर काहीच खराब नव्हतं. आता त्या तक्रारी बंद करताना कारण काय लिहायचं हा प्रश्न.

२४ जुलै
खरी परीक्षा. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ह्याचे फोटो सकाळपासून सगळ्या ग्रुपवर. वेदर स्टेशनवर एका १५ मिनिटांत १३ मिमी, जूनपेक्षा जास्त. त्या वेळेला सिग्नल -६०, पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात परत -५८. दोन डीबी, एक खरा पावसाचा आणि एक डिशवरच्या पाण्याचा, आणि थांबला की लगेच परत. पावसाचा परिणाम असा दिसतो.

आणि तरीही साडेसातला काकांचा फोन, नेट गेलं! पोटात गोळाच आला. लॉग बघितला तर सिग्नल हळूहळू पडलेला नाही, रेडिओच एकदम गायब. "काका, लाईट आहे का?" "लाईट गेलीय, पण राऊटर चालू आहे ना, इन्व्हर्टरवर आहे." राऊटर इन्व्हर्टरवर, आणि रेडिओला वीज देणारा पीओई अडॅप्टर जिन्यातल्या साध्या सॉकेटला. म्हणजे जून महिन्यात "पाऊस आला की नेट जातं" मध्ये हे पण मिसळलेलं होतं, पाऊस आला की लाईट जाते आणि लाईट गेली की नेट.

२५ जुलै
अडॅप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतला. मेन स्विच पाडून बघितलं, लिंक चालू राहिली. तक्रार बंद, कारण "झाड + कनेक्टर + पीओईची वीज". फॉर्ममध्ये कारणाचा एकच पर्याय निवडता येतो म्हणून "इतर" टाकलं.

२ ऑगस्ट
सगळ्या सेक्टरचे जून-जुलैचे लॉग काढून काकांसारखी चाल कुठे दिसते ते शोधलं: पावसात ५ डीबीपेक्षा जास्त पडतं, पाऊस थांबल्यावर तासभर तरी वर येत नाही, आणि शेजारचे क्लायंट हलत नाहीत. म्हसरूळ बाजूचा एक सापडला. तिथे बागेच्या कडेला वाऱ्यासाठी लावलेली सुरूची रांग आहे. सुरू बाराही महिने हिरवा, त्यामुळे जानेवारी-जूनची तुलना तिथे काही सांगणार नाही, झाड नुसतं उंच होत लाईनमध्ये आलंय, दर महिन्याला थोडं थोडं. दोन वर्षांचा सिग्नल एका ग्राफवर काढायला सांगितलाय. तिथे छत पत्र्याचं आहे, ६ मीटरचा पाईप उभा राहणार नाही, दुसऱ्या सेक्टरवर वळवता येईल का ते आधी बघायचं.

इन्स्टॉलेशन शीटमध्ये दोन रकाने वाढवले: मोकळ्या हवेच्या हिशोबाने सिग्नल किती यायला हवा, आणि लाईनमध्ये झाड असेल तर कुठलं, पानगळीचं की सदाहरित.